‘काल आजी झोपते’: वाचाघातातील तुटक्या वाक्यांवरून व्याकरणाच्या मांडणीविषयी काय कळते

प्रश्न: माझ्या मामांना आठ महिन्यांपूर्वी मेंदूचा झटका आला. त्यांना बोललेले बहुतेक समजते, शब्दही आठवतात, पण ‘दवाखाना... रिक्षा... पैसे नाही’ असे तुटक बोलतात. डॉक्टर म्हणाले की त्यांचे व्याकरण गेले आहे. मी एम.ए.ला भाषाविज्ञान शिकते आहे. व्याकरण असे एकटेच जाऊ शकते का? आणि जात असेल, तर ते मेंदूत वेगळ्या जागी ठेवलेले असते असे समजायचे का?

उत्तर:

मी सोलापुरात बावीस वर्षे वाचाउपचाराचे काम करतो आहे आणि ‘व्याकरण गेले’ हे वाक्य मी नातेवाइकांच्या, विद्यार्थ्यांच्या आणि कधी कधी डॉक्टरांच्याही तोंडून ऐकले आहे. ते पूर्ण चूक नाही, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. पहिली अशी की व्याकरणाची चाल खरोखरच शब्दांपासून सुटी पडू शकते. दुसरी अशी की जे सुटे पडते ते सगळे एकदम आणि सारखे पडत नाही, आणि पुष्कळदा ते नष्ट झालेले नसून वेळेवर हाती येत नसते. तुमच्या प्रश्नाचे उत्तर या दुसऱ्या गोष्टीत आहे, म्हणून मी तिच्यावरच अधिक वेळ घालवणार आहे. त्यासाठी माझ्याकडे आलेल्या एका रुग्णाच्या चाचण्या तपशिलाने सांगतो. ओळख पटू नये म्हणून त्यांच्याविषयीचे काही तपशील बदलले आहेत.

हे गृहस्थ एसटीतून निवृत्त झालेले वाहक. वय एकसष्ट, घरी-दारी मराठीच. डाव्या मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मधल्या धमनीत अडथळा आल्याने उजवा हात कमजोर झाला आणि बोलणे तुटक झाले. ते झटक्यानंतर सहा महिन्यांनी माझ्याकडे आले, तेव्हा मी त्यांना गड्ड्याच्या यात्रेला नातवाबरोबर गेलात तेव्हा काय झाले, असे विचारले. त्यांनी मोठ्या कष्टाने सांगितले, ‘गड्डा... नातू... पाळणा... रड... पैसे... घरी.’ मधे मधे बराच थांबा, कपाळावर आठ्या, आणि प्रत्येक शब्द बरोबर जागी. आणि थोड्या वेळाने दारातून दुसरा रुग्ण आत येऊ लागताच त्यांच्या तोंडून सरळ, स्वच्छ वाक्य आले, ‘चला, पुढे सरका.’ घरची मंडळी हसली. मला मात्र ते महत्त्वाचे वाटले, कारण आयुष्यभर हजारो वेळा म्हटलेले वाक्य एका तुकड्यात साठवलेले असते. त्याच क्रियापदाचे ‘गर्दी पुढे सरकली’ असे नवे वाक्य त्यांना जुळवता येत नव्हते. कोणी एखादे ठरीव वाक्य बरोबर म्हटले म्हणून व्याकरण शाबूत आहे असे मानू नये. नवे वाक्य जुळवायला सांगितले की अडचण दिसते.

मेंदूच्या इजेमुळे भाषा बिघडते त्याला वाचाघात म्हणतात, आणि त्यातल्या या प्रकारच्या बोलण्याला अ‍ॅग्रॅमॅटिझम. 19व्या शतकातच हे नाव रूढ झाले. पण ज्या इंग्रजी वर्णनांवरून पुढच्या पिढ्यांनी हा विषय समजून घेतला, त्यांत ‘शब्दाची शेपटी गळते’ एवढेच ठळकपणे दिसत होते, कारण इंग्रजीत शेपट्याच थोड्या आहेत आणि त्या गळल्या तरी शब्द बाकी राहतो. हिब्रूकडे पाहिल्यावर चित्र पालटले. हिब्रू क्रियापदाचा मूळ भाग निव्वळ व्यंजनांचा असतो. स्वर बसवल्याशिवाय तो उच्चारताच येत नाही. मग हिब्रू रुग्ण काय करतो? तो काही गाळत नाही, चुकीचे रूप घालतो. इटालियनमध्येही असेच दिसते, कारण तिथेही नुसते मूळ सोडून देता येत नाही. 1984 साली योसेफ ग्रॉड्झिन्स्की यांनी या निरीक्षणावरून असा मुद्दा मांडला की रुग्ण गाळेल की बदलेल हे त्याच्या भाषेतील शब्दाची घडण ठरवते. पुढे 1990 मध्ये लिझ मेन आणि लोरेन ओब्लर यांनी चौदा भाषांतील रुग्णांची तपशीलवार संकलने प्रसिद्ध केली. त्यांत हिंदीही होती. तेव्हा हे चित्र अधिकच स्पष्ट झाले. रुग्णाची चूक त्याच्या भाषेत जगू शकणाऱ्या शब्दाच्या आतच राहते, ती आवाजाचा तुकडा मोडून टाकत नाही.

मराठीत हे तपासायला एक सोयीची जागा आहे आणि ती म्हणजे सामान्यरूप. ‘घोडा’ला प्रत्यय लावायचा तर आधी ‘घोड्या’ व्हावे लागते, मग ‘घोड्याला’. रुग्णाच्या तोंडून प्रत्यय नुसता गळून पडत असता, तर मागे ‘घोड्या’ उरला असता. माझ्या वाहकांना मी चित्र दाखवले, ‘मुलगा घोड्याला चारा देतो’. ते म्हणाले, ‘मुलगा... घोडा... चारा... दे.’ ‘घोड्या’ कधीच नाही. म्हणजे ‘ला’ तुटून पडला आणि ‘घोड्या’ उरला, असे झाले नाही. त्यांनी दुसरेच रूप उचलले, जे मराठीत एकटे उभे राहू शकते. ‘दे’चेही तसेच, मराठीत नुसता धातू आज्ञार्थी म्हणून उभा राहतो, हिब्रूत तो राहू शकत नाही, म्हणून मराठी रुग्णाला धातू मोकळा सोडता येतो. याचा अर्थ प्रत्यय मनात स्वतंत्र मण्यासारखा ओवलेला नसतो. मूळ आणि प्रत्यय यांचा व्यवहार शब्दाच्या घडणीच्या पातळीवर होतो, आवाजाच्या पातळीवर नाही. पण मी इथे एक शंकाही नोंदवतो. ‘घोडा’ हे रूप ‘घोड्या’पेक्षा स्वतंत्रपणे ऐकायला मिळते, सवयीचे आहे. म्हणून ‘ते नियमाने उचलले’ आणि ‘ते सवयीने वर आले’ या दोन म्हणण्यांत एवढ्या पुराव्यावरून निवड करता येत नाही.

आता मुख्य गोष्ट. क्रियापदाचा प्रत्यय मराठीत एकाच वेळी अनेक कामे करतो. ‘बसली’मधला ‘ल’ झालेली क्रिया सांगतो आणि शेवटची ‘ई’ कर्ता स्त्रीलिंगी आणि एकवचनी असल्याचे सांगते. भाषाविज्ञानात पहिल्याला काळ किंवा क्रियाव्याप्ती म्हणतात आणि दुसऱ्याला मेळ किंवा अन्वय. शाळेत आपण या दोन्ही गोष्टी एकाच तक्त्यात शिकतो, म्हणून त्या मनातही एकाच जागी असतील असे वाटते. 1997 मध्ये नामा फ्रीडमन आणि ग्रॉड्झिन्स्की यांनी हिब्रू बोलणाऱ्या एका रुग्ण स्त्रीविषयी जे दाखवले, त्याने हा समज हलला. तिला वाक्य पुरे करायला दिले की लिंग-वचन-पुरुष जवळजवळ नेहमी बरोबर येई, पण काळ वारंवार चुके. तसेच प्रश्नवाक्ये आणि ‘जो-तो’ यांसारखी गुंतलेली वाक्ये तिला जमत नसत. त्यांनी याचे स्पष्टीकरण वाक्याच्या झाडाच्या कल्पनेने दिले. वाक्याची रचना खालून वर वाढत जाते असे धरले, तर खालच्या फांद्यांवर मेळ बसतो, त्याच्या वर काळ, आणि आणखी वर प्रश्न किंवा जोडवाक्याची जागा. रुग्णाचे झाड काळाच्या उंचीवर छाटले गेले, तर खालचे काम चालेल आणि वरचे सगळे कोलमडेल. या कल्पनेला झाडाची छाटणी असे म्हणतात, आणि ती बोलण्याच्या निर्मितीबद्दल आहे, ज्ञानाबद्दल नाही, हे लक्षात ठेवावे.

वाहकांच्या बाबतीत मी हे मराठीत करून पाहिले. सर्व वाक्ये अकर्मक क्रियापदांची घेतली, कारण सकर्मक भूतकाळात ‘ने’ येतो आणि क्रियापद कर्माशी जुळते. मग चूक काळाची, ‘ने’ची की मेळाची, हे सांगता येत नाही. मेळासाठी मी एक वाक्य बोलून पुढचे अर्धे सोडत असे. ‘मुलगा बाकावर बसला. मुलगी बाकावर...’ त्यांनी ‘बसली’ म्हणायचे. वीस वाक्यांपैकी अठरा बरोबर आली. मग काळ, तीच क्रियापदे: ‘आजी रोज दुपारी झोपते. काल आजी दुपारी...’ आणि उलटही, ‘काल आजोबा दुपारी झोपले. रोज आजोबा दुपारी...’ दोन्ही दिशांची दहा दहा वाक्ये. एकूण दहा बरोबर, म्हणजे अर्धी. एवढेच लिहून मी फाईल बंद केली असती, तर निष्कर्ष ‘मेळ ठीक, काळ बिघडलेला’ असा झाला असता, फ्रीडमन यांच्या रुग्णासारखा. पण दिशा वेगळ्या करून पाहिल्यावर कळले की भूतकाळाकडे जाणाऱ्या दहांपैकी दोनच बरोबर होती आणि वर्तमानाकडे जाणाऱ्या दहांपैकी आठ. आणि चुका बहुतेक एकाच प्रकारच्या होत्या: ‘काल आजी झोपते’. मेळ बरोबर, आजीला ‘झोपते’, आजोबांना ‘झोपतात’. काळ मात्र वर्तमानाकडे झुकलेला.

इथे एक सापळा आहे आणि मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत त्यात पडलो होतो. जो माणूस काहीही विचारले तरी वर्तमानकाळ सांगतो, त्याला वर्तमानाच्या प्रश्नांत आपोआप गुण मिळतात. त्या आठ गुणांवरून ‘वर्तमान त्याला येतो’ असे म्हणता येत नाही. तो फक्त पहिल्यांदा हाती येणारे रूप देत असेल. आणखी एक, खास मराठीतला. मी भविष्यकाळ चाचणीत घेतलाच नाही. आपण ‘उद्या येतो’ असे सहज म्हणतो आणि ते चूक नाही. ‘उद्या आजी झोपते’ म्हणणाऱ्याला दोष दिला, तर चूक तपासणाऱ्याची आहे, रुग्णाची नाही. ‘काल मी बाजारात जातो, तर काय!’ अशी गोष्ट सांगण्याची लकबही आहे. म्हणून चाचणीतील वाक्ये साध्या घटनेची ठेवली, गोष्टीच्या सुराची नाही.

भूतकाळच का अडतो? छाटलेल्या झाडाच्या म्हणण्याप्रमाणे काळ ही जागा बिघडली, तर वर्तमान आणि भूत दोन्हींमध्ये चुका व्हाव्यात. नेदरलँड्समधील रोलियन बास्टियान्से आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा मार्ग सुचवला. चिनी, इंग्रजी आणि तुर्की भाषांच्या रुग्णांवर त्यांनी केलेल्या कामात असे दिसले की घडून गेलेल्या वेळेकडे बोट दाखवणे हेच अवघड जाते. त्यांच्या मते आत्ताच्या क्षणाबद्दल बोलताना वाक्य स्वतःपुरते असते, तर ‘मागे’ म्हणायचे तर ऐकणाऱ्याला बोलण्याच्या बाहेरच्या एखाद्या आधीच्या वेळेशी जोडून द्यावे लागते. ही जोडणी महाग आहे आणि रुग्णाची शक्ती तिथे संपते. हे म्हणणे चिनीसाठी विशेष महत्त्वाचे, कारण चिनीत क्रियापदाला काळाचा प्रत्यय नाहीच. तरी अडचण दिसते. म्हणजे बिघाड ‘काळ’ नावाच्या प्रत्ययाच्या खणात नाही, भूतकाळाचा निर्देश करण्याच्या कामात आहे.

मराठीत या दोन म्हणण्यांत फरक करणारी जागा आपल्याकडेच आहे. ‘फुगा फुटतो आहे’ आणि ‘फुगा फुटला आहे’ या दोन वाक्यांत शेवटचा शब्द ‘आहे’ तोच, वर्तमानाचा. पण दुसऱ्याची घटना होऊन गेली आहे. केवळ काळाचा वर्तमान किंवा भूत असा खण बिघडला असेल, तर दोन्ही वाक्ये सारखीच सोपी जायला हवीत. मागच्या वेळेकडे जाणे हेच अवघड असेल, तर दुसरे अडायला हवे. मी त्यांना जोडीजोडीने चित्रे दाखवली: फुगा फुटतो आहे, फुगा फुटला आहे, पाणी सांडते आहे, पाणी सांडले आहे, फांदी मोडते आहे, फांदी मोडली आहे. पहिल्या प्रकारात ते बहुतेक वेळा बरोबर होते. दुसऱ्यात, फुटलेल्या फुग्याचे चित्र समोर असूनही, ‘फुटतो... फुटत आहे’. तुम्ही म्हणाल की हा ‘ल’च अडला, म्हणजे काळ नाही तर पूर्णत्वाचा प्रत्यय. ही शंका बरोबर आहे, कारण मराठीत ‘ल’ दोन्ही कामे करतो. म्हणून मी तिसरा गट घातला, ‘फुगा फुटत होता’, ज्यात पूर्णत्वाचा ‘ल’ नाही, क्रिया चालू आहे, पण वेळ मागची आहे. तिथेही ‘होता’ गळाला. एकाच रुग्णाच्या अशा चाचणीवरून सिद्धांत उभा करता येत नाही. मात्र माझ्यापुरता तो निकाल ‘मागे जाणे महाग आहे’ या म्हणण्याकडे झुकतो. जर्मन रुग्णांच्या कामातही फ्रीडमन यांच्या झाडाशी न जुळणाऱ्या गोष्टी निघाल्या आहेत. तिथे काही रुग्णांत काळ शाबूत असून मेळ बिघडलेलाही आढळला, जे छाटलेल्या झाडात होऊ नये. झाडाची कल्पना मला एक चांगली कात्री वाटते, जी नेमके कोणते कापड कापायचे हे विचारायला शिकवते. जगभरच्या रुग्णांना ती लागू होत नाही.

यापुढचा भाग मला सगळ्यांत अधिक महत्त्वाचा वाटतो. आतापर्यंत आपण रुग्णाच्या तोंडून काय येते ते पाहिले. त्याच्या कानात काय जाते? 1976 मध्ये अल्फोन्सो कारामाझा आणि एडगर झूरिफ यांनी दाखवले की ज्या वाक्यांत दोन्ही पात्रे क्रिया करू शकतात, ती ब्रोका प्रकारच्या, म्हणजे असे तुटक बोलणाऱ्या, रुग्णांना अवघड जातात, आणि अर्थावरून कळणारी वाक्ये सोपी जातात. ‘मुलगा जे सफरचंद खातो आहे ते लाल आहे’ यात सफरचंद मुलाला खाऊ शकत नाही, म्हणून व्याकरण न कळताही अर्थ कळतो. ‘सिंहाने वाघाला ओढले’ यात कोण कोणाला हे ‘ने’ आणि ‘ला’ सांगतात. माझ्या वाहकांना मी दोन चित्रांतून एक निवडायला सांगितले, तर ‘सिंहाने वाघाला ओढले’ बरोबर येई आणि ‘वाघाला सिंहाने ओढले’ वारंवार उलटे होई. ते पहिले आलेल्या पात्राला कर्ता धरत होते. हे अंदाजाने उत्तर देण्यासारखे नव्हते, कारण अंदाज असता तर अर्धी बरोबर आली असती. ते ठराविक दिशेने चुकत होते, म्हणजे त्यांच्याकडे एक चाल होती, फक्त ती प्रत्ययांऐवजी क्रमावर चालत होती. तुमच्या मामांना ‘बोललेले बहुतेक समजते’ असे तुम्ही लिहिले आहे. बहुतेक घरांत हे असेच वाटते, कारण घरातील वाक्ये अर्थानेच कळतात. ‘आईला दादाने हाक मारली’ आणि ‘आईने दादाला हाक मारली’ अशी दोन वाक्ये चित्रासह विचारून पाहा, नेमके कुठे अडते ते दिसेल.

आता इथे थांबून कोणी म्हणेल की ‘ने’ आणि ‘ला’ यांचे ज्ञानच गेले आहे. मार्सिया लाइनबार्गर, मायर्ना श्वार्ट्झ आणि एलिनॉर सॅफ्रन यांनी 1983 मध्ये हे म्हणणे उलटवले. अशाच चार रुग्णांना त्यांनी वाक्ये वाचून दाखवून फक्त ‘हे बरोबर आहे की चूक’ एवढे विचारले. आश्चर्य म्हणजे ज्यांना उलटसुलट वाक्यांचा अर्थ लागत नव्हता, त्यांनी व्याकरणाच्या चुका बऱ्यापैकी ओळखल्या. मीही वाहकांना तोंडी वाक्ये दिली, मधे मधे बिघडवलेली. ‘मुलीने पोळी खाल्ला’ म्हटल्याबरोबर त्यांनी जोरात मान हलवली, डाव्या हाताने ‘नाही’ केले. लिंग चुकलेली बाराही वाक्ये त्यांनी पकडली. ‘काल आजी झोपते’ अशी काळाची विसंगत वाक्ये बारापैकी नऊ पकडली आणि तिथे त्यांना वेळ अधिक लागला. आता याचा अर्थ पाहा. जो माणूस स्वतः दहापैकी आठ वेळा ‘काल आजी झोपते’ म्हणतो, त्यालाच ते वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर खटकते. म्हणजे नियम कुठेतरी आहे. तो बोलण्याच्या वेळी, शब्दांची जुळवाजुळव चालू असताना, वेळेत हाताशी येत नाही. वाक्य परत ऐकून मान हलवायला सवड असते, बोलताना नसते.

म्हणून मी व्याकरणाची मनातील मांडणी सांगताना निदान दोन गोष्टी वेगळ्या धरतो. एक म्हणजे भाषेचे रूप कोणत्या परिस्थितीत वैध आहे याचे ज्ञान. दुसरी म्हणजे ते रूप बोलण्याच्या ओघात उभे करून दुसऱ्या रूपाशी जुळवण्याचे काम, ज्याला वेळ आणि शक्ती लागते. अ‍ॅग्रॅमॅटिझममध्ये पहिली बऱ्यापैकी उरलेली असते आणि दुसरी खिळखिळी झालेली. त्या दुसऱ्या कामात मेळ जवळचा आहे, कर्ता आणि क्रियापद यांच्यातला. काळ बोलण्याबाहेरच्या वेळेशी जोडायचा असतो. आणि दोन पात्रांची भूमिका ठरवणे हे प्रत्ययांवरून अर्थाकडे जायचे काम आहे. या तीन गोष्टी एकाच दोरीने बांधलेल्या असत्या, तर त्या एकत्र मोडल्या असत्या. त्या वेगवेगळ्या प्रमाणात मोडतात, यावरूनच त्या स्वतंत्र आहेत हे दिसते.

रुग्णाच्या स्वतःच्या युक्तीकडेही पाहावे लागते. कोल्क आणि हीशेन यांनी दाखवले की त्याच रुग्णाला मोकळे बोलायला सांगितले तर तो शब्द गाळतो, पण वाक्य पुरे करण्याची सक्ती केली तर गाळण्याऐवजी चुकीचे रूप घालतो. माझ्या वाहकांच्या मोकळ्या बोलण्यात ‘दे’, ‘रड’ असे धातू होते आणि चाचणीत ‘झोपते’, ‘फुटतो’ असे पूर्ण रूप. कोल्क आणि हीशेन यांच्या मते पूर्वी तार लिहीत तसे मोजक्या शब्दांत बोलणे हा आजाराचाच थेट परिणाम नसून, तुटपुंज्या शक्तीत काम भागवायची रुग्णाची सोय असते. पूर्ण वाक्य तयार होईपर्यंत थांबणे परवडत नाही, म्हणून तो नेमके शब्द देतो आणि बाकीचे ऐकणाऱ्यावर सोपवतो. मला हे पूर्णपणे पटत नाही, कारण काही रुग्ण सक्तीविनाही पूर्ण वाक्यासाठी झटत राहतात. पण त्यामुळे एक गोष्ट निश्चित होते: मोकळ्या गप्पांतून मोजलेल्या चुकांवरून मनातील व्याकरणाबद्दल निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे.

‘वेगळ्या जागी ठेवलेले’ या तुमच्या प्रश्नाबद्दल थोडक्यात. 1861 मध्ये पॉल ब्रोका यांनी लबोर्न नावाच्या रुग्णाचा मेंदू तपासून डाव्या पुढच्या भागाकडे बोट दाखवले, आणि तेव्हापासून तो भाग ‘भाषेचे केंद्र’ म्हणून गाजला. 2007 मध्ये नीना ड्रॉन्कर्स आणि सहकाऱ्यांनी तो जपून ठेवलेला मेंदू एमआरआयने पाहिला, तेव्हा इजा त्या पृष्ठभागापुरती नव्हती, खोलवर पसरलेली होती. अ‍ॅग्रॅमॅटिझमही फक्त त्या भागाच्या इजेने होतो आणि तिथे इजा झाली की होतोच, असे दिसत नाही. वर सांगितलेले मेळ, काळ, भूमिका हे भेद कामाचे भेद आहेत. त्यांचे मेंदूतील नकाशात एक एक चौकोन काढून देणे सध्याच्या ज्ञानाला झेपत नाही. इटालियन रुग्णांवर मिचेली, सिल्व्हेरी, रोमानी आणि कारामाझा यांनी 1989 मध्ये केलेल्या कामात वीस रुग्णांमध्ये कोणता प्रत्यय किती गळतो यात इतका फरक होता, की हा एकच आजार आहे की नाही यावरच वाद झाला.

शेवटी सोलापूरच्या संदर्भात एक सूचना, कारण मामांच्या बोलण्याची नोंद तुम्ही भाषाविज्ञानाच्या अभ्यासासाठी करणार असाल. इथे ‘मी काम केलो’, ‘मी भाकरी खाल्लो’ असे सहज म्हटले जाते. सकर्मक क्रियापद कर्त्याशी जुळते, कर्माशी नाही. पुस्तकी मराठी डोक्यात धरून चाचणी घेणारा ते अन्वयाची चूक म्हणून नोंदवेल. कित्येक घरांत तेलुगू किंवा कन्नड ही पहिली भाषा असते. तेलुगूत कर्त्याला मराठीच्या ‘ने’सारखा प्रत्यय लागत नाही, आणि एकवचनात ‘तो’चे रूप वेगळे असले तरी ‘ती’ आणि ‘ते’ यांना एकच क्रियापदरूप चालते. अशा माणसाने झटक्यापूर्वी ‘मी भाकरी खाल्लो’ म्हटले असेल, तर झटक्यानंतरही ते तसेच म्हणण्यात काही बिघडलेले नाही, उलट जुनी मांडणी शाबूत असल्याची ती खूण आहे. म्हणून चाचणीच्या आधी मामींना विचारा, आणि झटक्यापूर्वीचे मामांचे व्हिडिओ किंवा फोनवरचे आवाजाचे संदेश असतील, तर त्यांतील त्यांची भूतकाळाची आणि ‘ने’ची वाक्ये लिहून काढा. आठ-दहा वाक्ये मिळाली तरी पुरेत. मग वरच्या फुग्याच्या जोड्या आणि ‘काल आजी...’ची वाक्ये घ्या, दोन्ही दिशांची गणती वेगळी ठेवा, आणि तीच वाक्ये बिघडवून तुम्ही बोला, मान हलते का पाहा. एका बैठकीत वीस-पंचवीसहून अधिक वाक्ये घेऊ नका, कारण थकल्यावर होणारी चूक आणि अ‍ॅग्रॅमॅटिझमची चूक बाहेरून सारखीच दिसते.